मेट्रो आली की खाणं कुठे सरकतं? तीन वर्षांनंतरची दुकानं आजच ओळखता येतात का?

बाणेरचा_वाटसरू

हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचा पट्टा साधारण २३ किलोमीटरचा आहे आणि त्यावर २३ स्थानकं आहेत. एवढी माणसं दुचाकी आणि कंपनीच्या बसमधून उतरून मेट्रोत बसायला लागली, की त्यांच्या खाण्याच्या वेळा आणि जागा बदलणारच. दुकानं मात्र लगेच बदलत नाहीत. त्यांना दोन-तीन वर्षं लागतात.

माझा प्रश्न असा: या मधल्या काळात नेमकं काय पाहिलं तर पुढे कोणते धंदे उघडतील हे सांगता येईल? 'वर्दळ वाढेल, धंदा वाढेल' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. माझा अंदाज सांगतो. बाणेर-बालेवाडीच्या स्थानकांखाली सकाळच्या नाश्त्याची छोटी दुकानं रांगेने उघडतील. हे बरोबर की चूक, आणि का, ते जाणकारांनी सांगावं.

तवा_गरम

पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी. मेट्रो कितीही आल्या तरी पुणेकराची सकाळ बदलत नाही. :)

हिशेबनीस

अंदाज अर्धा बरोबर आहे, पण जागा चुकली आहे असं मला वाटतं. कारण नीट सांगतो.

दुचाकीवरचा माणूस वाटेत कुठेही थांबू शकतो. म्हणून आज नाश्त्याच्या टपऱ्या रस्त्याच्या मध्यावर सापडतात. सिग्नलच्या थोडं पुढे, डाव्या हाताला, चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा असेल तिथे. कंपनीच्या बसचा माणूस ठरलेल्या थांब्यावर दहा मिनिटं आधी येऊन उभा राहतो, म्हणून त्या थांब्यावर चहा-पोहे चालतात. मेट्रोचा माणूस वाटेत थांबूच शकत नाही आणि डब्यात खायची परवानगी नाही. म्हणजे मधल्या वाटेवरचं खाणं गेलं आणि ते प्रवासाच्या दोन टोकांना सरकलं.

आता दोन टोकं सारखी नसतात. घराकडच्या स्थानकावर सकाळी माणूस घाईत असतो. गाडी चुकेल ही धास्ती, एका हातात मोबाइल, दुसऱ्यात डब्याची पिशवी. तो काही घेत नाही. कचेरीकडच्या स्थानकावर तो उतरतो तेव्हा गाडी चुकायची भीती संपलेली असते, हात मोकळा असतो आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटं हाताशी असतात. नाश्ता तिथे विकला जातो. संध्याकाळी हेच उलटं होतं. कचेरीकडे घरी पोहोचायची घाई, आणि घराकडच्या स्थानकावर उतरल्यावर 'आज रात्री काय?' हा प्रश्न.

म्हणून प्रत्येक स्थानकाला आधी एकच प्रश्न विचारायचा: सकाळी इथे चढणारे जास्त की उतरणारे? चढणारे जास्त असतील तर नाश्त्याचं दुकान उघडणारा बहुधा फसेल आणि संध्याकाळचं पोळीभाजी केंद्र तग धरेल. बाणेरला दोन्ही प्रकारची माणसं आहेत, त्यामुळे तिथे जिना-जिना वेगळा निघेल.

गिरणगाव_परळ

इतिहासात याचं उत्तम उदाहरण आहे. १९८२ चा गिरणी संप झाला, खानावळी ओस पडल्या आणि त्यातून वडापावचा जन्म झाला. कामाला जायची पद्धत मोडली की खाण्याचा नवा धंदा जन्माला येतो.

ठाणे_लोकल

@गिरणगाव_परळ, थोडी दुरुस्ती. वडापाव त्याआधीचा आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर तो सुरू झाला असं मानलं जातं. म्हणजे संपाच्या जवळजवळ पंधरा-सोळा वर्षं आधी. गिरण्या तेव्हा तीन पाळ्यांत जोरात चालू होत्या.

पण यातूनच या धाग्याला उपयोगी गोष्ट निघते. खाणं जन्मलं ते स्टेशनच्या दारात, कारण पाळीला जाणाऱ्या माणसाला बसून जेवायला वेळ नव्हता आणि एका हातात मावेल असं काही हवं होतं. संपानंतर वडापावच्या गाड्यांची संख्या वाढली, कारण नोकरी गेलेल्या माणसाला थोड्या भांडवलात उभा राहणारा हाच धंदा होता. पहिल्या वेळी गिऱ्हाईकाची सवय बदलली, दुसऱ्या वेळी विकणाऱ्याची गरज. दुकानं वाढताना दिसली म्हणजे खाणाऱ्यांची सवय बदलली, असं लगेच मानू नये.

गिरणगाव_परळ

साल मान्य. पण संपाशिवाय तो घराघरात पोहोचला असता, हे मला अजून पटत नाही.

सातपूर_नाका

नाशिकला सातपूरजवळ माझा रस्त्यालगतचा गाळा आहे, २०० चौरस फूट. चहाची फ्रँचायझी घेऊ का? या धाग्यावर जाणकार आहेत म्हणून विचारतो.

हिशेबनीस

@सातपूर_नाका, प्रश्न वेगळा आहे, तरी एक हिशेब करून पाहा. समजा गाळ्याचं भाडं बाजारभावाने ४०,००० येतं. (गाळा स्वतःचा असला तरी भाडं धरायचंच, कारण तो दुसऱ्याला देता आला असता.) दिवसाला १,३३३ रुपये झाले. दहा रुपयांच्या कपात दूध, साखर, चहा, गॅस, कप वजा जाता समजा चार रुपये उरले, तर फक्त भाड्यासाठी ३३३ कप. माणसांचा पगार आणि फ्रँचायझीचा हप्ता त्याच्या वर. समोरची टपरी हे भाडं देत नाही आणि चहा तितकाच देते. औद्योगिक वसाहतीत पाळी बदलायच्या वेळी तुमच्या दारातून किती माणसं पायी जातात ते मोजा. पायी हा शब्द महत्त्वाचा. गाडीवरून जाणारा गिऱ्हाईक नाही.

टेकडीवरून

मोजायचं कसं, ते कोणी सविस्तर सांगेल का? सगळे 'मोजा' म्हणतात.

चौकातला_मोजणीदार

सांगतो. खर्च काही नाही, पण शिस्त हवी.

हातात धरायचा आकडा मोजणारा छोटा काउंटर घ्या, मंदिरात जपासाठी वापरतात तो चालतो. दोन असतील तर उत्तम: एक उतरणाऱ्यांसाठी, एक थांबणाऱ्यांसाठी. स्थानकाच्या एकाच जिन्याखाली उभं राहायचं. सगळं स्थानक एकट्याने मोजायला गेलात तर काहीच नीट मोजलं जात नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत उतरवून शून्य करायचा. सकाळी साडेसात ते साडेदहा, संध्याकाळी साडेपाच ते नऊ.

वार निवडताना मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार घ्या. आयटीतले बरेच लोक आठवड्यातले काही दिवसच ऑफिसला जातात आणि ते दिवस मधल्या वारांत गोळा होतात. फक्त बुधवार मोजलात तर आकडा फुगतो, फक्त शुक्रवार मोजलात तर सुकतो. पहिल्या पावसाचा आठवडा, गणपतीचे दहा दिवस, शाळांच्या सुट्ट्या टाळा.

माणसं मोजताना हातात काय आहे तेही टिपा. डब्याची पिशवी असेल तर दुपारच्या जेवणाचं गिऱ्हाईक गेलं. हातात हेल्मेट म्हणजे गाडी स्थानकाजवळ लावलेली आहे, तो संध्याकाळी उतरून थेट गाडीवर बसेल आणि फार थांबणार नाही. दोन्ही हात मोकळे असलेला माणूस तुमचा. दर तीन महिन्यांनी त्याच जिन्याखाली, त्याच वारांना पुन्हा मोजा. एका मोजणीत काही कळत नाही. डब्याच्या पिशव्यांचं प्रमाण दोन-तीन मोजण्यांत सलग घसरत असेल तर ती खूण.

आणि सकाळी अकराला जवळची कचरापेटी बघा. लोक काय खातात हे विचारण्यापेक्षा ती खरं सांगते. कागदी कप, फॉइलचे तुकडे, बिस्किटांची पाकिटं, केळ्यांच्या साली. कप ढीगभर आणि खाण्याचं काहीच नाही, याचा अर्थ माणसं थांबतात पण खायला मनासारखं काही मिळत नाही.

तवा_गरम

अंड्यांचे रिकामे ट्रेही मोजा. एका ट्रेमध्ये तीस अंडी. ऑम्लेटच्या गाडीमागे रात्री किती ट्रे रिकामे आहेत ते पाहिलं की धंदा कळतो, मालकाला विचारावं लागत नाही. तसेच पावाचे क्रेट. आणि एकोणीस किलोचं सिलिंडर किती दिवसांनी बदलतात तेही.

हिशेबनीस

@चौकातला_मोजणीदार, उत्तम. यात एक खबरदारी घाला: मेट्रो सुरू झाल्यावर पहिले काही महिने मोजलेलं धरू नका.

पुण्याचंच पाहा. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी असे दोन तुटक तुकडे सुरू झाले. त्यांनी कचेरीला जाणाऱ्या फारच थोड्यांचा प्रवास पूर्ण होत होता. घरच्यांना मेट्रो दाखवायला आलेल्यांची गर्दी मात्र मोठी होती. १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही मार्ग पुढे सरकून सिव्हिल कोर्टला एकमेकांना भेटले, तेव्हा कुठे नोकरीला जाण्यासाठी मेट्रो ही गोष्ट खरी झाली. मग मार्च २०२४ मध्ये रामवाडी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेट. २०२२ च्या उन्हाळ्यात वनाजखाली गर्दी पाहून ज्याने आइसक्रीमचा गाळा घेतला असेल, त्याने सहलीची गर्दी पाहिली, प्रवासाची नाही.

ओळखायचं कसं? रविवारचा आकडा मंगळवारपेक्षा जास्त असेल, लोक गटाने असतील, फोटो काढत असतील आणि तासाभरात त्याच जिन्याने परत येत असतील, तर ती सहल. रोजचा प्रवासी एकटा असतो, जिना उतरताना समोर बघत नाही आणि रोज एकाच बाजूला वळतो.

फॉर्म_भरणारा

आता मी एक युक्ती सांगतो. अन्नपरवान्याची कामं करणाऱ्यांना माहीत असते, बाकीच्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

खाण्याच्या प्रत्येक दुकानात, अगदी हातगाडीवरसुद्धा, एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक लावायचा असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा १५. त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे तो क्रमांक ज्या वर्षी दिला गेला ते वर्ष. म्हणजे २१५२३ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर महाराष्ट्रातली छोटी नोंदणी, २०२३ ची. नूतनीकरण केलं तरी क्रमांक तोच राहतो.

आता वनाजपासून गरवारेपर्यंत पायी चाला, वही घेऊन. प्रत्येक पाटीवरचे पहिले पाच आकडे आणि काय विकतात तेवढं लिहा. दोन-अडीच तासांचं काम. घरी येऊन वर्षांप्रमाणे मांडा. मेट्रोचा जिना उतरतो तिथून शंभर पावलांच्या आतली दुकानं वेगळी, बाकीची वेगळी. शंभर पावलांच्या आत एखाद्या वर्षाचे क्रमांक अचानक जास्त दिसले आणि बाहेर दिसले नाहीत, तर मेट्रो सुरू झाल्यापासून दुकानं यायला किती वेळ लागला हे तुमच्याच शहरातलं, तुमच्याच डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर मिळतं. तेच बाणेरला लावून पाहा.

टेकडीवरून

हे मला नव्याने कळलं. फार उपयोगी.

ठाणे_लोकल

युक्ती छान आहे, पण तीन ठिकाणी फसवेल. पहिलं म्हणजे मालक बदलला की नवा क्रमांक येतो, दुकान मात्र जुनंच. दुसरं म्हणजे अनेक गाड्या वर्षानुवर्षं क्रमांकाशिवाय चालतात आणि घरपोच ॲपवर यायचं ठरलं की घेतात, कारण ॲप तो मागतं. अशा वेळी क्रमांकाचं वर्ष धंदा सुरू झाल्याचं नसून ॲपवर आल्याचं असतं. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं: बंद पडलेली दुकानं पाट्यांत दिसतच नाहीत. तुम्ही फक्त तग धरलेल्यांची यादी करता आणि म्हणता, सगळ्यांनी तग धरला.

फॉर्म_भरणारा

तिन्ही मुद्दे मान्य. तिसऱ्यावर थोडा उपाय आहे. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू पुण्यात २०२२ मध्ये सुरू झालं. तेव्हाच्या चित्रात दिसणाऱ्या आणि आज नसलेल्या पाट्या उतरवून घ्या. एकाच गाळ्यात तीन वर्षांत तीन वेगळी नावं झाली असतील, तर ती जागा लांबून चांगली दिसते पण चालत नाही. बहुतेक वेळा कारण जिना असतो. माणसं दुसऱ्या बाजूला उतरतात किंवा उतरल्या उतरल्या रिक्षात बसतात. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उपाय नाही. गाडीवाल्याला प्रेमाने विचारणं हाच.

वनाज_ते_वारजे

मेट्रोपेक्षा मिसळ कुठली चांगली हे सांगा ना कोणीतरी, तर्रीवाली.

तवा_गरम

त्यासाठी वेगळा धागा काढा, पाचशे प्रतिसाद होतील.

संध्याकाळची_भाजी

सगळे सकाळवर बोलत आहेत, मला संध्याकाळ जास्त महत्त्वाची वाटते.

मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात संध्याकाळी मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, गवार मोडली जाते. लांबच्या गाडीत बसायला जागा मिळाली की तास-दीड तासाचा प्रवास हाच स्वयंपाकाचा पहिला टप्पा होतो. ही सवय डोळ्यांसमोर होती, आणि तिच्या शेजारीच उपनगरी स्टेशनांबाहेर निवडलेली, चिरलेली, सोललेली भाजी छोट्या पिशव्यांत विकायला बसलेल्या बायका. ज्यांना बसायला मिळालं नाही, त्यांच्यासाठी ती पिशवी. पुढे तेच चिरलेल्या भाजीचं पाकीट होऊन मोठ्या दुकानात आलं, आता दहा मिनिटांत घरी येतं.

आता मेट्रोत काय होतं ते पाहा. प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा, गर्दीच्या वेळी उभ्याने, डबा चकचकीत. मेथी निवडायचा प्रश्नच नाही. म्हणजे भाजी निवडण्याचं काम प्रवासातून पुन्हा घरात ढकललं जाईल किंवा कोणाला तरी विकलं जाईल. आणि जिच्या प्रवासाचा वेळ वाचला ती बाई तो वाचलेला वेळ मेथीला देईल, असं मला वाटत नाही. म्हणून घराकडच्या स्थानकांखाली दोन-तीन वर्षांत निवडलेली भाजी, सोललेला लसूण, खवलेला नारळ, मळलेली कणीक, भिजवून मोड आणलेली कडधान्यं अशी अर्धतयार वस्तूंची दुकानं येतील असा माझा अंदाज आहे. तयार जेवणापेक्षा हीच आधी. कारण रोज बाहेरचं जेवण खायची कबुली घरात द्यावी लागते, निवडलेली मेथी आणली तर काहीच कबूल करावं लागत नाही. फोडणी आपलीच असते.

याची आजची खूण शोधायची तर जिन्याखाली लसूण सोलून विकणाऱ्या मावशी आहेत का ते पाहा. एक असेल तर फार काही नाही. तिसरी बसली की समजा.

हिशेबनीस

@संध्याकाळची_भाजी, 'फोडणी आपलीच' हा मुद्दा या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा आहे असं मला वाटतं.

एकच शंका. निवडलेली मेथी दुसऱ्या दिवशी काळी पडते. दुकानाला ती संध्याकाळच्या तीन तासांत संपवावी लागते. उरलेली फेकायची. मावशी दहा पिशव्या आणते आणि नऊ विकते, तिला चालतं. भाडं भरणारा दुकानदार शंभर आणतो आणि सत्तर विकतो, तो बुडतो. म्हणून सुरुवात मेथीने होणार नाही. लसूण, नारळ, कणीक आणि मोड आलेली कडधान्यं थंडपेटीत दोन दिवस राहतात, त्यांच्यावर दुकान उभं राहील आणि मेथी ते गिऱ्हाईक आणायला ठेवतील.

संध्याकाळची_भाजी

बरोबर. मोड आलेली मटकी तर पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी बरी.

दहा_मिनिटं

मला हा सगळाच विचार जुना वाटतो. झटपट घरपोच देणाऱ्यांची कोठारं गल्लीगल्लीत आली आहेत. जिन्याखाली कोण थांबेल? मेट्रोत बसल्या बसल्या मागणी नोंदवायची, घरी पोहोचेपर्यंत पिशवी दारात.

चौकातला_मोजणीदार

हेही मोजता येतं. सोसायटीच्या गेटवर घरपोच येणाऱ्यांची नोंद असते, वहीत किंवा ॲपवर. सोसायटीच्या समितीची परवानगी घेऊन फक्त तासाप्रमाणे संख्या घ्या, नावं-घरं नकोत. संध्याकाळी सात ते नऊमध्ये येणाऱ्या पिशव्या किराण्याच्या किती आणि शिजवलेल्या जेवणाच्या किती, एवढंच वेगळं करा. किराण्याचा आकडा सातच्या आसपास उसळत असेल तर @दहा_मिनिटं बरोबर आहेत, लोक वाटेत मागवत आहेत. साडेआठनंतर जेवणाचा उसळत असेल तर लोक घरी येतात, फ्रीज उघडतात आणि मग हार मानतात. त्या दुसऱ्या सोसायटीजवळ पोळीभाजी केंद्राला जागा आहे.

टेकडीवरून

नव्या सोसायट्यांचं काय? तिथे अजून माणसंच नाहीत.

फॉर्म_भरणारा

महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख, सदनिकांची संख्या आणि किती विकल्या गेल्या ते असतं. स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या आतले प्रकल्प नकाशावर मांडा. पण पूर्णत्वाची तारीख म्हणजे माणसं राहायला आली असं नाही. घराचं आतलं काम, शाळेचं वर्ष, भाडेकरू मिळणं, यात वेळ जातो. आणि मालक राहणार की भाडेकरू हे फार महत्त्वाचं. चार मुलं मिळून भाड्याने राहतात तिथे महिन्याची खानावळ चालते, लहान मुलं असलेल्या घरात चालत नाही.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे येतो. बाणेरच्या एका जिन्याचा कच्चा हिशेब मांडतो. आकडे मानलेले आहेत, तुम्ही मोजून तुमचे घाला.

समजा सकाळच्या वेळात त्या जिन्याने १,२०० माणसं उतरतात आणि वीसातला एक थांबून ४० रुपयांचा नाश्ता करतो. मधल्या तीन वारांना ६० गिऱ्हाइकं, सोमवारी आणि शुक्रवारी निम्मी. आठवड्याला २४०. म्हणजे ९,६०० रुपये, महिन्याला साधारण ४१,०००. सामानाचे चाळीस टक्के गेले की २४-२५ हजार उरतात. यात एक हातगाडी सुखाने चालते. भाड्याचं दुकान चालत नाही.

आता आठातला एक थांबायला लागला असं धरा. मधल्या वारांना १५०, कडेच्या दोन वारांना ७५, आठवड्याला ६००. महिन्याला एक लाख तीन हजारांच्या आसपास, सामान वजा जाता बासष्ट हजार. भाडं तीस, दोन माणसं तीस. दुकान जेमतेम उभं राहतं, मालकाच्या हाती काही नाही.

म्हणून @बाणेरचा_वाटसरू यांच्या मूळ अंदाजाला माझं उत्तर असं आहे: पहिली दोन वर्षं नाश्त्याच्या गाड्या, दुकानं नाहीत. दुकान तेव्हा येईल जेव्हा तोच गाळा सकाळी नाश्ता आणि संध्याकाळी अर्धतयार वस्तू किंवा पोळीभाजी विकेल. दोन वेळा, दोन वेगळी गिऱ्हाइकं, एकच भाडं. त्यासाठी सकाळी उतरणारे आणि संध्याकाळीही उतरणारे, दोन्ही भरपूर असलेला जिना हवा. तसे जिने थोडे असतात आणि बाणेरला असण्याची शक्यता जास्त, कारण तिथे कचेऱ्याही आहेत आणि घरंही. हिंजवडीच्या आतल्या स्थानकांवर संध्याकाळी कोणी उतरणार नाही, तिथे गाड्याच राहतील.

ठाणे_लोकल

पटलं, एक गोष्ट सोडून. गाड्या राहतील की नाही हे गिऱ्हाइकावर ठरत नाही, पदपथावर ठरतं. स्थानकाखालचा पदपथ मोकळा ठेवायचं महापालिकेने मनावर घेतलं, तर गाडीचा टप्पाच गळून पडेल. मग सवय तयार होईल पण ती दाखवणारा कोणी उभा नसेल आणि तुमची मुख्य खूणच जाईल.

हिशेबनीस

हे खरं आहे. गाड्या हटवल्या तर मी जवळच्या किराणा दुकानाच्या पायरीकडे पाहीन. तिथे अचानक उकडलेली अंडी, थालीपीठ, डब्यातले पोहे ठेवायला लागले, तर गाडीची जागा त्यांनी घेतली. पण त्याला किती वेळ लागतो हे मला क्रमांकांवरूनही काढता येणार नाही, कारण किराणावाल्याचा क्रमांक आधीचाच असतो.

बाणेरचा_वाटसरू

सगळ्यांचे आभार. नाश्ता चुकीच्या टोकाला धरला होता, हे कळलं. येत्या मंगळवारी वनाज ते गरवारे चालून पाट्यांचे पहिले पाच आकडे उतरवतो, शंभर पावलांच्या आत आणि बाहेर असे दोन रकाने करून. बुधवारी बाणेरच्या कंपनी-बस थांब्यांवर सकाळी डब्याच्या पिशव्या मोजतो, म्हणजे मेट्रोआधीचा आकडा हाती राहील. स्ट्रीट व्ह्यूवरच्या जुन्या पाट्या कोणी वाटून घेईल का? नळस्टॉप ते गरवारे एवढा तुकडा उरतो.

टेकडीवरून

नळस्टॉपचा तुकडा मी घेते. रविवारपर्यंत इथेच टाकते.

वनाज_ते_वारजे

वाटेत मिसळवाल्यांच्या पाट्यांचं वर्ष वेगळं लिहा, प्लीज.